तात्यांना लाकडावर उतरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मंडळाच्या अध्यक्षांना निरोप देताना शाल आणि श्रीफळ पुरेसं असतं, हा गैरसमज आता भायखळ्यात उरलेला नाही. त्यांचा चेहरा लेझरने लाकडावर कोरून त्यांनाच द्यावा लागतो. ही जबाबदारी 'तुला कॉम्प्युटर येतो ना' या निकषावर तुमच्याकडे आली असेल, तर पुढील सूचना वाचाव्यात.

प्रथम फोटो. कार्यकारिणी व्हॉट्सॲपवर जो पाठवते तो नम्रपणे नाकारावा. त्यात अध्यक्ष तात्या भर दुपारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोर उभे असतात. १८७२ साली खुली झालेली ती वास्तू फोटोत देखणी येते आणि तात्यांच्या डोळ्यांच्या जागी मात्र दोन खड्डे येतात. ऊन डोक्यावर असलं की हे व्हायचंच. त्यांना सकाळी चाळीच्या गॅलरीत बसवावं, उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि चष्म्यावर चमक दिसली तर मान किंचित खाली घ्यायला सांगावी. तात्या मान खाली घालत नसतात. तरी सांगावं.

आता मूळ अडचण. आपल्या पद्धतीत लेझरला दोनच गोष्टी कळतात: जाळायचं किंवा सोडायचं. राखाडी रंग त्याच्या घटनेत नाही. म्हणून १०० बाय १५० मिलिमीटरच्या चित्रासाठी फोटो आधी १००० बाय १५०० पिक्सेलचा करून घ्यावा, म्हणजे एक पिक्सेल बरोबर ०.१ मिलिमीटरचा होतो. मग फोटो कृष्णधवल करून थ्रेशोल्ड लावावा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. सरकपट्टी ९०च्या आसपास ठेवून बघा: भुवया, मिशी, चष्म्याची फ्रेम आणि हनुवटीखालची सावली तेवढी राहायला हवी. आकडा वाढवत नेला की नाकाखालची सावली मिशीत मिसळते आणि शांत स्वभावाचे तात्या तमाशातले कोतवाल दिसू लागतात. तिथून पाच-दहा आकडे मागे यावं. परीक्षा सोपी आहे: प्रिंट हातभर लांब धरून तात्यांच्या नातीला दाखवावी. तिने 'आजोबा' म्हटलं, तर रेषा पुरे झाल्या.

गाल, कपाळ आणि गळा यांची छटा ठिपक्यांनी भरायची. ९० ते २०० मधला भाग वेगळ्या थरावर घेऊन ४५ अंशांत, १ मिलिमीटर अंतराने ठिपके पाडावेत. जिथे सावली गडद, तिथे ठिपका मोठा. जुन्या वर्तमानपत्रातला पुढाऱ्याचा फोटो डोळ्यांजवळ नेला की दिसतो, तोच हा प्रकार. २००च्या वरचा भाग कोरा सोडावा. कार्यकारिणीला तो अपूर्ण वाटतो आणि ती आणखी ठिपके मागते. देऊ नयेत. लाकूड ठिपक्याच्या कडेने थोडं जास्तच जळतं. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका ०.६चा झाला, तरी त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. पडद्यावर तात्या जेमतेम उजळ दिसत असतील, तर फळीवर ते भट्टीतून बाहेर पडल्यासारखे येतात. म्हणून ठिपक्यांचा थर पडद्यावर फिकाच ठेवावा. उलट ०.३पेक्षा लहान ठिपके ठेवू नयेत, ते लाकडाच्या रेषांत हरवतात. पाइनच्या फळीत तर फिकट पट्टे पटकन जळतात आणि गडद पट्टे जळायला कुरकुर करतात, त्यामुळे तात्यांच्या गालावर न मागितलेल्या सुरकुत्या उमटतात. बारीक रेषांचं प्लाय घ्यावं आणि धुराचे डाग पडू नयेत म्हणून वर कागदी मास्किंग टेप लावावी.

खजिनदार ॲक्रिलिकचा आग्रह धरतील. काळ्या ॲक्रिलिकवर कोरलेला भाग पांढरट दिसतो, म्हणून चित्र उलटं, म्हणजे काळ्याचं पांढरं करून द्यावं लागतं. हे विसरल्यास तात्यांचे पिकलेले केस काळेभोर होतात, ज्याला त्यांची हरकत नसते, पण चेहराही तसाच होतो. शीट 'कास्ट' आहे का, हे विचारून घ्यावं. दुसऱ्या प्रकारावर खूण उठून दिसत नाही. स्वस्त पडतो म्हणून कोणी सनबोर्ड पुढे केला, तर गंभीर चेहऱ्याने नकार द्यावा. तो पीव्हीसीचा असतो. जळला की क्लोरिनयुक्त आम्लधूर सुटतो, तो यंत्राला गंजवतो आणि माणसाच्या फुफ्फुसालाही सोडत नाही.

फाइल पीएनजीमध्येच द्यावी. जेपीजीने प्रत्येक ठिपक्याभोवती धूळ जमते. लेझरवाल्या दुकानदाराला सांगावं की आकार बदलू नका, ओळींमधलं अंतर ०.१ ठेवा, पास-थ्रू चालू करा. त्याने 'थोडं मोठं करतो, फ्रेम भरेल' म्हटलं, तर ठिपक्यांमध्ये जाळीदार लाटा उठतात. आधी त्याच फळीच्या तुकड्यावर फक्त एक डोळा कोरून बघावा.

शेवटी नाव. तीन पिक्सेलपेक्षा लहान ठिपके पुसण्याची सफाई चेहऱ्यावर आधी उरकावी, नाव नंतर टाकावं. क्रम उलटा झाला, तर बारीक अक्षरातला अनुस्वार यंत्राला कचरा वाटतो आणि सत्कार पंढरीनाथांचा असून फळी पढरीनाथांची निघते.