एचआर विभागास एका व्हिसाइच्छुकाचे अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय एचआर विभाग,
दुसरा मजला, काचेच्या दाराआड.

विषय : मी आपल्याकडे नोकरीला आहे, हे जगाला पटेल अशा रीतीने कळविण्याबाबत.



इटलीच्या व्हिसासाठी मागितलेले पत्र काल आपल्याकडून मिळाले. मागणी करून बरेच दिवस झाले होते, तरी ते येणार याची आशा मी सोडलेली नव्हती एवढेच. पत्र मी दोनदा वाचले. मग बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "यात तू तिथे कामाला आहेस असं लिहिलंय खरं, पण लिहिणाऱ्याला ते फारसं आवडलेलं दिसत नाही."

आपल्या पत्राचा मथितार्थ असा : सदर इसम आमच्याकडे आहे. त्याचे वार्षिक वेतन 14,40,000 रुपये आहे. त्याने 10 दिवसांच्या रजेसाठी अर्ज केला आहे. हे पत्र त्याच्याच विनंतीवरून दिले असून त्यामुळे कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. पत्र संगणकाने तयार केल्यामुळे सहीची गरज नाही.

संगणकाला माझ्या वतीने धन्यवाद सांगावेत. त्याने माझी नोकरी मान्य केली, हेही या दिवसांत कमी नाही.

आता हा कागद कुणासमोर जाणार, ते बघू. मुंबईच्या वकिलातीत एक अधिकारी बसलेली असेल. तिच्यापुढे माझ्यासारख्यांच्या फायलींचा ढीग असेल, आणि प्रत्येक फाइलीतून तिला मुख्यतः एकच गोष्ट काढायची असते : हा माणूस परत येणार की नाही? ही तिची लहर नव्हे. शेंगेन देशांच्या 2009 च्या व्हिसा संहितेत परतण्याचा इरादा तपासण्यासाठी जी कागदपत्रे सांगितली आहेत, त्यांत परतीच्या तिकिटाच्या आरक्षणाबरोबर नोकरीचा पुरावाही आहे. नकाराचा छापील नमुना ठरलेला असतो, त्यात खुणा करायच्या चौकटी असतात. मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे, अशा अर्थाची एक चौकट त्यात असते. तिथे खूण झाली की माणशी 90 युरो फी गेली. ती परत मिळत नाही. म्हणजे आपले पत्र माझी स्तुती करण्यासाठी नाही की माझी चौकशी करण्यासाठी नाही. अमुक तारखेला हा माणूस आमच्या खुर्चीत परत बसणार आहे आणि ती खुर्ची आम्ही त्याच्यासाठी ठेवली आहे, एवढे सांगण्यासाठी आहे. नेमके तेवढेच आपण सोडून बाकी सगळे लिहिले आहे.

मी अकाउंट्समधला माणूस, म्हणून आधी पैशांकडे वळतो. 14,40,000 हा आकडा बघून मलाच क्षणभर स्वतःबद्दल आदर वाटला. त्याला 12 ने भागले की महिना 1,20,000 येतात. अधिकारी हा भागाकार करणार. मग ती माझ्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप उघडणार, तिथे ग्रॉस 98,000. मग बँकेचे स्टेटमेंट उघडणार, तिथे दर महिन्याला जमा 87,900. एकाच माणसाचे तीन पगार! यातला खरा कुठला, हे तिला कोण सांगणार?

खरे तर तिन्ही खरे आहेत. आपण लिहिली ती सीटीसी. म्हणजे माझ्यापायी कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च. त्यात वर्षाअखेर मिळालाच तर मिळणारा 1,44,000 रुपयांचा व्हेरिएबल पे आहे, कंपनीच्या वाट्याचा 72,000 रुपयांचा भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि ग्रॅच्युइटी व आरोग्यविम्याचा हप्ता मिळून 48,000 आहेत. हे 2,64,000 वजा केले की 11,76,000 उरतात, म्हणजे महिना 98,000. स्लिपमध्ये हाच आकडा आहे. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ 6,000, प्रोफेशनल टॅक्स 200 आणि टीडीएस 3,900 कापले की 87,900 बँकेत येतात. हिशेब चोख आहे, पण तो आपल्या आणि माझ्या डोक्यात आहे. वकिलातीतल्या बाईंनी आमच्या पगाराचे तुकडे का जोडत बसावे? तिच्या दृष्टीने पत्रातला आकडा बँकेत दिसत नाही, एवढे पुरे. "मासिक ग्रॉस वेतन 98,000 रुपये; कपातीनंतर 87,900 रुपये बँकेत जमा होतात" असे एक वाक्य टाकले असते तर पत्र, स्लिप आणि स्टेटमेंट एका सुरात बोलले असते.

आमच्या खात्यातला एक मित्र म्हणाला, "अरे, मोठा आकडा आहे तो राहू दे की, इम्प्रेशन पडेल." त्याला नम्रपणे सांगितले की लग्न जमवताना सीटीसी सांगतात, व्हिसा काढताना नाही.

रजेचे प्रकरण मात्र याहून सरस आहे. आमचे विमान 9 मे 2026 च्या पहाटे, म्हणजे शनिवारी सुटते. रोमहून परतीचे 23 मेच्या संध्याकाळी, आणि मुंबईत उतरणार रविवारी 24 मेच्या सकाळी. व्हिसाच्या अर्जात मुक्काम 9 ते 23, एकूण 15 दिवस. हॉटेलांचे बुकिंग तेवढ्याच दिवसांचे, आणि ज्याला 30,000 युरोंचे किमान संरक्षण लागते तो प्रवासविमाही तेवढ्याच दिवसांचा. आपले सॉफ्टवेअर मात्र शनिवार-रविवार मोजत नाही. त्याच्या मते मी 11 ते 22 मे रजेवर, कामाचे दिवस 10. त्याने 10 लिहिले आणि तारखा लिहायच्या विसरला.

आता बाईंच्या हातात एक माणूस आहे, ज्याला मालकाने 10 दिवस सोडले आहे आणि जो 15 दिवस इटलीत राहायला निघाला आहे. उरलेले पाच दिवस तो कुणाच्या परवानगीने हिंडणार? आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, कारण शनिवार-रविवार ऑफिस बंद असते हे आपल्याला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. सुट्टीचा वार प्रत्येक कारखान्यात निराळा, हे तर आपण रोज बघतो. "11 ते 22 मे 2026 रजा मंजूर. 9, 10, 23 आणि 24 मे या साप्ताहिक सुट्ट्या. 25 मे रोजी कामावर रुजू होतील." एवढे लिहायला कितीसा वेळ लागतो? शेवटचे वाक्य तर सोन्याचे. तिला हवा असलेला परतीचा दिवस त्यात आहे.

"अर्ज केला आहे" या शब्दांबद्दलही थोडे. मी अर्ज केला आहे हे खरे, कारण साहेबांनी तो मंजूर केलेला नाही. साहेब म्हणतात, "आधी व्हिसा येऊ दे, मग रजेचं बघू." व्हिसावाले म्हणतात, आधी मंजूर रजा दाखवा. प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस, क्वचित 45 दिवसांपर्यंत. आमच्या सिस्टीममधली नारिंगी रंगातली "पेंडिंग" ही अक्षरे या सगळ्या मुदतींना पुरून उरतील असे दिसते. तेव्हा विनंती अशी, की रजा "व्हिसा मिळाल्यास" या अटीवर मंजूर करावी. व्हिसा नाही आला तर मी मेमध्ये कामावर येतो, कंपनीचे काहीच बिघडत नाही. पण पत्रात "मंजूर" हा शब्द येऊ दे, आणि ती अट सिस्टीमच्या शेऱ्यात राहू दे.

बायकोचे पत्र सोबत जोडत आहे. ती एका लहान खासगी शाळेत शिकवते. मुख्याध्यापिकाबाईंनी लेटरहेडवर, स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहून दिले. नाव, पासपोर्ट क्रमांक, पद, 2011 पासून कायम सेवेत, महिन्याचा पगार आणि हातात पडणारी रक्कम. शाळेला उन्हाळी सुट्टी असल्यामुळे या काळात वेगळ्या रजेची आवश्यकता नाही, आणि 15 जूनला शाळा उघडेल तेव्हा त्या हजर असणे अपेक्षित आहे. खाली सही, सहीखाली नाव, पद, मोबाइल क्रमांक आणि गोल शिक्का. शिक्क्याची शाई थोडी पसरली आहे, पण अक्षरे वाचता येतात. बाईंकडे सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे त्यांना विचार करावा लागला असावा.

जबाबदारीच्या वाक्याबद्दल मी काही बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. "कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही" हे वाचून वाटते की मी इटलीत दरोडा घालायला निघालो आहे आणि आपण आधीच हात झटकले आहेत. तिथे आपण "प्रवासाचा सर्व खर्च ते स्वतः करणार आहेत" असे लिहिले असते तर कंपनीचा पैसाही वाचला असता आणि वकिलातीतल्या बाईंना खर्च कोण करणार हेही कळले असते. एवढ्यावर कंपनीच्या वकीलसाहेबांचे समाधान होत नसेल तर जबाबदारीचे ते वाक्य आणखी खाली, बारीक टाइपात टाकावे.

सही हवी. माणसाची. संगणकाने कितीही नम्रपणे सहीची गरज नाही म्हटले तरी अर्ज केंद्राच्या खिडकीवर सही-शिक्का विचारतात.

येत्या सोमवारी माझी अपॉइंटमेंट आहे. दुरुस्त पत्र शुक्रवारपर्यंत मिळाले तर सोबत जोडता येईल. तारीखही चालू महिन्याचीच घालावी. जुन्या नमुन्यातली ऑगस्टची तारीख पुन्हा राहून जाऊ नये.

आपला नम्र,
अकाउंट्समधील एक कायम कर्मचारी
(2014 च्या जूनपासून, हेही पत्रात घालावे)

ता. क. : पत्राखाली दिलेल्या क्रमांकावर मी काल स्वतः फोन करून बघितला. वकिलातीतून खातरजमेसाठी फोन येऊ शकतो, म्हणून. सुरुवातीला संगीत वाजले, मग कुणीतरी उचलला आणि "कर्मचाऱ्यांची माहिती फोनवर देत नाही" असे सांगून ठेवून दिला. मी मीच बोलतोय म्हणालो, तर म्हणे मग तुमचा एम्प्लॉयी कोड सांगा. कृपया रिसेप्शनला माझे नाव कळवून ठेवावे, आणि इटलीहून फोन आला तर हा माणूस आमच्याकडे आहे एवढे तरी कबूल करायला सांगावे.