राजाची खोली, राणीची खोली

जळगाव हे आपल्या लेखी केळ्यांचे, सोन्याचे आणि भरिताचे गाव असले, तरी अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी दूरदेशाहून येणाऱ्या प्रवाशाच्या लेखी ते सुमारे साठ किलोमीटर अलीकडचे, एका रात्रीच्या मुक्कामाचे स्टेशन होय. आणि हा प्रवासी पूर्वी सामान हमालाच्या डोक्यावर देऊन जी खोली दिसेल ती पत्करीत असे, तो आता आपल्या देशातच बसून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, पलंगाच्या प्रकारासह खोली निवडूनच गाडीत बसतो. या सुधारणेला माझी हरकत नाही. परंतु तिच्यामुळे स्टेशनाजवळील लॉजांवर जो शब्दसंकट नामक प्रसंग ओढवला, त्याची हकीकत नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते, कारण माझी सारी हयात भूमापन खात्याच्या दफ्तरात गेली असून, ज्या वस्तूचे मोजमाप लिहिलेले नाही तिच्या वर्णनावर विश्वास ठेवण्याची सवय मला नाही.

पूर्वी लॉजाच्या गल्ल्यामागे एक काळा फळा असे. त्यावर सिंगल, डबल, अटॅच, कॉमन, जादा गादी आणि 'चेक आउट २४ तास' एवढा मजकूर असे, आणि तो साऱ्या खानदेशास निःसंदिग्धपणे कळत असे. 'डबल' म्हणजे दोन माणसांचे भाडे. पलंग एक आहे की दोन, याची चौकशी कोणी करीत नसे. 'अटॅच' म्हणजे खोलीतच संडास-न्हाणी. आणि 'जादा गादी' म्हणजे रात्री नोकर खांद्यावर टाकून आणतो व जमिनीवर पसरतो ती वस्तू. माझ्या परिचयाच्या एका मालकांनी जग आपल्या दारी यावे म्हणून या फळ्याच्या जागी ट्विन, डबल, क्वीन, किंग आणि कनेक्टिंग अशी नवी फर्द इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि मग मराठी गिऱ्हाईक दुरावू नये म्हणून तिचे मराठी भाषांतर कोणा घाईच्या माणसाकडून करवून घेतले. ते पुढीलप्रमाणे होते: जुळी खोली, दुहेरी खोली, राणी कक्ष, राजा कक्ष आणि संपर्क कक्ष.

या भाषांतराची कसोटी एका लग्नसराईत लागली. वधूपक्ष जळगावचा होता, वरपक्ष धुळ्याचा. आणि पारोळा-एरंडोलमार्गे येणाऱ्या वऱ्हाडासाठी वरपित्याने स्वतः घरबसल्या खोल्या राखून ठेवल्या होत्या. त्यांतील मुलाच्या मामा-मामींसाठी 'जुळी खोली' घेण्यामागे, एका भाड्यात शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळतात, असा त्यांचा सरळ समज होता, व मराठी वाचणाऱ्या कोणाही सुबुद्ध माणसाचा तोच झाला असता. प्रत्यक्षात मिळाली ती एकच खोली, दोन अरुंद पलंगांची, मध्ये एक लहानसे मेज. वराची आजी आणि तिची थोरली जाऊ यांच्यासाठी 'राणी कक्ष' घेतला होता, कारण तो केवळ स्त्रियांसाठी राखीव असणार, अशी त्यांची खात्री होती. दार उघडले तेव्हा पाच फुटी एकच पलंग दृष्टीस पडला. शेतीच्या वाटणीपासून या दोन जावांचा अबोला होता, हे सांगण्याचे कारण पडत नाही. पडले ते आजींना. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून नोकराला म्हणाल्या, "मना पलंग कोठे शे, भाऊ?"

'संपर्क कक्षा'ची गोष्ट याहून गहन आहे. सरकारी मराठीत संपर्क कक्ष म्हणजे पूर आला, साथ आली, निवडणूक आली की जेथे चोवीस तास दूरध्वनी वाजत असतो ते ठिकाण. वऱ्हाडातील एका सेवानिवृत्त हवालदारांनी, येथे रात्रपाळी कोणाची आहे, असे विचारल्याचे ऐकिवात आहे. मालकांनी तत्परतेने तो शब्द खोडून 'अटॅच रूम' असा केला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी एका प्रवाशाने, सर्वच खोल्यांना न्हाणीघर असताना यांनाच अटॅच का म्हटले, इतर खोल्यांची सोय अंगणात आहे काय, अशी पृच्छा केली.

येथे मालकांनी मला पाचारण केले. "भाऊसाहेब, तुम्ही कचेरीत एवढे उतारे लिहिले, एवढं एक लिहून द्या," असे ते म्हणाले. त्यांनी धुळ्याचे एक विद्वान शिक्षकही बोलावले होते. ज्या नगरात इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला आणि ज्या नगरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या नगराच्या रहिवाशास शोभेल असे शब्द गुरुजींनी घरून लिहूनच आणले होते: युग्मशय्या, द्विजनशय्या, राजपर्यंक आणि द्वारसंयुक्त कक्षद्वय. शब्द निर्दोष होते. त्यांतील 'द्विजनशय्या' मालकांनी 'द्विज' येथे तोडून वाचली आणि ब्राह्मणांसाठी वेगळी खोली ठेवणे कायद्यात बसेल काय, असे काळजीच्या स्वरात विचारले, तेव्हा गुरुजींनी कागद घडी करून खिशात घातला.

मी मात्र प्रथम फूटपट्टी मागवली, कारण या साऱ्या गोंधळाचे मूळ भाषांतरात नसून मूळ शब्दांतच आहे, असा मला संशय होता, व तो मोजणीअंती दृढ झाला. इंग्रजी भाषा बोलणाऱ्या देशांतही या राजाचे राज्य एकसारखे नाही. अमेरिकेतील किंग पलंग ७६ इंच रुंद असतो. इंग्लंडातील किंग अवघा पाच फूट, म्हणजे ६० इंच, म्हणजे अमेरिकेत ज्याला क्वीन म्हणतात तेवढाच. आपल्याकडील गादीवाले किंग म्हणून साधारणपणे ७२ इंची गादी देतात आणि क्वीन म्हणून ६० इंची. विलायती राजा समुद्र ओलांडून मुंबईस उतरला की राणी होतो, यावर मालकांचा विश्वास बसेना. नवरा-बायकोत वाटणी केली असता त्या विलायती राजशय्येवर प्रत्येकाच्या वाट्यास ३० इंच येतात, आणि आमच्या लॉजातील एकट्या माणसाची साधी गादी ३६ इंचांची आहे! अमेरिकी डबल तर ५४ इंच. तेथे वाट्यास सत्तावीसच.

'ट्विन' या शब्दाचे तर दुहेरी कपट आहे. खोलीच्या बाबतीत त्याचा अर्थ एका खोलीत दोन सुटे पलंग. पण अमेरिकी गादीच्या दुकानात ट्विन म्हणजे एका माणसाची एकच गादी, सुमारे ३८ इंचांची. आणि 'डबल' म्हटल्यावर इंग्रज प्रवासी दोघांसाठी एक रुंद पलंग अपेक्षितो, खानदेशी माणूस दोघांचे भाडे समजतो, तर अमेरिकेत 'डबल-डबल' नामक एक प्रकार आहे, त्यात दोन रुंद पलंग असून चौघांचे कुटुंब निजते. छायाचित्रावरून उलगडा होईल म्हणावे, तर ते काढणारे गृहस्थ अशा भिंगाने काढतात की न्हाणीघरही सभागृहासारखे दिसावे. त्यातल्या त्यात एक खूण मात्र भरवशाची: लहान मेज दोन उशांच्या मध्ये असेल तर पलंग दोन आहेत, आणि मेजे दोन्ही कडांना असतील तर पलंग एक आहे, किंवा निदान एक असल्याचे सोंग आहे.

सोंग म्हणण्याचे कारण असे की, आमच्या मालकांचे तीन 'किंग' वस्तुतः प्रत्येकी दोन सिंगल पलंग एकमेकांस भिडवून, वर एकच चादर ओढून सिद्ध केलेले होते. चादरीवरून हात फिरवता मधली फट लागली. "फट कोणाला दिसते, भाऊसाहेब?" मालक म्हणाले. मी म्हणालो, "दिसत नाही, पण मधे निजलेलं मूल पहाटे तिथंच सापडतं." यावर त्यांनी तो प्रकार वेगळा लिहिण्यास संमती दिली.

आता जोडखोल्या. येथे शब्द तीन, वस्तूही तीन, आणि प्रवासी मात्र तिन्हींस एकच समजतो. ज्या दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत आतून दार आहे त्या 'कनेक्टिंग'. ज्या केवळ एकमेकींस लागून आहेत, पण जायचे तर बाहेरच्या ओसरीतूनच, त्या 'अॅडजॉइनिंग'. आणि ज्या समोर किंवा एक सोडून आहेत त्या नुसत्या जवळच्या. लहान मुलांच्या आईबापांना पहिली हवी असते व मिळते दुसरी, आणि मग रात्री दोन वाजता मूल ओसरीत येऊन रडते. शिवाय त्या मधल्या दारात बहुधा दारे दोन असतात, पाठीस पाठ लावून. प्रत्येक खोलीची कडी आपापल्या बाजूस, आणि दोन्ही बाजूंनी उघडल्याखेरीज मार्ग खुला होत नाही. ही व्यवस्था भक्कम आहे. मात्र तिच्यातून माणूस जात नसला तरी आवाज जातो. त्याच लग्नात खोल्यांच्या टंचाईमुळे एका बाजूस वरमाय व दुसऱ्या बाजूस वधूची मावशी अशी योजना झाली होती, आणि मानपानाच्या लुगड्यांविषयी प्रत्येक पक्षाचे खरे मत दुसऱ्या पक्षास रात्रीतच, कोणी मध्यस्थ न लागता, अवगत झाले. तेव्हा जोडखोल्या परक्यांना सुट्या देताना हा भिंतीचा दोषही आगाऊ कळवावा, असे मी सुचवले. मालकांनी ते ऐकून घेतले, एवढेच.

शेवटी मी पदव्या बाजूला ठेवल्या आणि उतारा लिहितो तसा लिहिला. सातबाऱ्यावर जमिनीस कोणी राजा-राणी म्हणत नाही, क्षेत्र लिहितात. 'एक खोली, दोन सुटे पलंग, प्रत्येकी ३६ इंच रुंद, दोन माणसे. मागितल्यास जोडून मिळतील, मध्ये फट राहील.' 'एक खोली, एक पलंग, एकसंध गादी, ६० इंच रुंद, दोन माणसे.' 'एक खोली, एक पलंग, ७२ इंच रुंद, दोन मोठी माणसे व एक लहान मूल.' 'दोन खोल्या, मध्ये दार, दोन्हीकडून कडी, भाडे दोन खोल्यांचे.' 'जादा गादी जमिनीवर.' परदेशस्थांकरिता इंचांसमोर सेंटिमीटर घातले: बाहत्तरास १८३, अठ्ठ्याहत्तरास १९८. हे दुसरे माप लांबीचे, आणि ते लिहिण्याचा आग्रह मी धरला, कारण जुने पलंग ७२ इंचच लांब असून त्यांना पायथ्याशी सागवानी फळी होती, आणि अजिंठ्यास जाणाऱ्या सहा फुटांवरील साहेबाची रात्र त्या फळीशी वाटाघाटी करण्यातच जात असे.

मालकांना सारे पटले. 'किंग' मात्र सोडवेना. "नुसता बाहत्तर इंच लिहिला तर भाडं कसं मागू?" असे ते म्हणाले, आणि तो प्रश्न माझ्या खात्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा असल्याने मी तडजोड मान्य केली: 'किंग' मोठ्या अक्षरांत राहील, खाली माप. फलक रंगवून झाल्यावर मी पुन्हा फूटपट्टी लावली, तेव्हा गादी ६९ इंच भरली. ७२ इंच पलंगाचे होते, लाकडासकट. रंगाऱ्याला परत बोलावले आहे. त्याचे म्हणणे असे की, आकडा बदलण्याचे वेगळे पैसे पडतील, त्यापेक्षा गादीच बदलावी.