निमित्ताची मिठी

मराठवाड्यातील वैवाहिक जीवनात स्पर्श स्वतःच्या नावाने फारसा वावरत नाही. तो नेहमी एखाद्या कामाचे बोट धरून येतो. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर तासभर बसून पाहिले असता तीस-पस्तीस वर्षांचा संसार झालेले पती-पत्नी एकमेकांना अजिबात हात लावत नाहीत असे दिसत नाही, तर ते डोळ्यांत औषधाचे थेंब टाकताना, पायात रुतलेला काटा काढताना, दुखऱ्या कमरेला तेल लावताना किंवा मोटारसायकलवर मागे बसून खड्डा आल्यावर हात लावतात, असे दिसते. ज्या स्पर्शाला सांगण्यासारखे कारण असते, त्याला येथे निमित्तस्पर्श म्हणावे. आणि ज्याला काहीच कारण नसते, म्हणजे मिठी, खांद्यावर उगीच ठेवलेला हात, जाता जाता केसांवरून फिरवलेली बोटे, त्याला अहेतुक स्पर्श म्हणावे. लग्नानंतरच्या काही वर्षांत अहेतुक स्पर्श आटतो आणि निमित्तस्पर्श तेवढा उरतो, ही तक्रार जगभरची आहे. परंतु हिंगोलीसारख्या ठिकाणी तो आटण्याआधी पुरेसा वाहिला होता काय, हाही प्रश्न आहेच, कारण एका माजघरात सासू, नणंद आणि धान्याची पोती यांच्यासह संसार सुरू करणाऱ्या जोडप्याला अहेतुक वागण्याची सवड सहसा मिळत नसे.

या संदर्भात हळदीचा उल्लेख टाळता येत नाही. वसमत आणि हिंगोली हा हळदीचा मुलूख असून वसमतला हळदीवर संशोधन करणारे स्वतंत्र केंद्रही आहे, जेथे या पिकाच्या लागवडीपासून प्रक्रियेपर्यंतचा विचार होतो. मात्र ज्या दोघांना ती हळद मांडवात लागली, त्यांचे पुढील चौतीस वर्षांत काय झाले याचा विचार करणारे केंद्र जिल्ह्यात कोठेही नाही. हळद लावण्याच्या दिवशी झाडून सारे नातेवाईक वधूवरांच्या गालाला हात लावतात. त्यानंतर तो हक्क ज्या एकाच व्यक्तीकडे उरतो, ती तो वापरायला लाजते.

अशा घरात स्नेह परत आणण्याचा जो मार्ग शहरी मासिके सुचवतात, तो म्हणजे थेट मिठीपासून सुरुवात करणे, आणि तो येथे सहसा फसतो. साठीतला गृहस्थ एखाद्या सकाळी काही कारण नसताना पत्नीला मिठी मारू गेला, तर तिच्या मनात प्रेमाच्या आधी चार शंका येतात: पैसे बुडाले असावेत, डॉक्टरने काही सांगितले असावे, जमिनीचा कागद कोठेतरी सही होऊन गेला असावा, किंवा सकाळी सकाळीच घेतली असावी. ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहते, म्हणजे अहेतुक स्पर्शाला ती तत्काळ निमित्तस्पर्शाचे उत्तर देते, आणि गृहस्थ खजील होऊन गायीला चारा टाकायला निघून जातो. चूक मिठीत नसून क्रमात असते.

हा क्रम कोठून सुरू करावा, याचे उत्तर अमेरिकेतील सिअॅटल येथील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणांतून मिळते. त्यांनी नवविवाहित जोडप्यांना निरीक्षणाखाली ठेवून पाहिले की, दोघांपैकी एक जण दिवसभरात वारंवार लहानसहान हाका देत असतो, म्हणजे काहीतरी बोलून वा दाखवून दुसऱ्याचे लक्ष मागत असतो. सहा वर्षांनी संसार टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांपैकी सुमारे 86 टक्के हाकांना वळून प्रतिसाद दिलेला होता, तर घटस्फोट झालेल्यांनी सुमारे 33 टक्केच. ही जोडपी नवी होती आणि परदेशी होती, त्यामुळे हे आकडे हिंगोलीला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. येथे अडचण अशी की हाक तक्रारीच्या वेशात येते. “यंदा पाऊस काही खरा नाही,” “गुडघा लई दुखू लागला,” “त्या पाटलाच्या सुनेनं काय केलं ऐकलं का?” ही वाक्ये हवामान, वैद्यक आणि समाजशास्त्र यांची नसून लक्ष मागण्याची असतात, त्यांवर “मग मी काय करू?” असे म्हणून मोबाइलमध्ये परत डोके घालणे म्हणजे पाठ फिरवणे होय. वळण्याच्या बाबतीत या जिल्ह्याचा वारसा खरे तर मोठा आहे. औंढा नागनाथाच्या देवळापुढे कीर्तनाला उभे राहण्यास मज्जाव झाल्यावर संत नामदेव देवळाच्या मागे गेले, तेव्हा अख्खे देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी आख्यायिका नरसी नामदेवच्या पंचक्रोशीत लहान मुलालाही ठाऊक असते. दगडी देऊळ फिरले असे ज्या ठिकाणी मानतात, त्या ठिकाणी बाजेवर पडलेल्या माणसाने कूस बदलणे अवघड मानले जाते.

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक वस्तू वसमत परिसरात सापडेल. पती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय 61; पत्नी 56 वर्षांची; दोन एकर हळद. गुरुजी ओसरीवरच्या बाजेवर झोपतात आणि बाई माजघरात नातवंडांबरोबर. ही व्यवस्था थोरल्या मुलाच्या बाळंतपणाच्या वेळी तात्पुरती म्हणून झाली होती आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. हळद काढणीनंतर बेणे निवडण्यासाठी बाई दिवसभर उकिडव्या बसतात, त्यामुळे त्यांची कंबर धरते. पहिला आठवडा गुरुजींनी केवळ हाकांना उत्तर देण्यात घालवावा: बाई बोलू लागल्या की मोबाइल पालथा ठेवावा, त्यांच्याकडे पाहावे आणि एक प्रश्न विचारावा. सल्ला देऊ नये. निवृत्त शिक्षकाला हेच सर्वांत जड जाते.

दुसऱ्या आठवड्यात निमित्त वापरावे, कारण कंबर दुखतेच आहे. तेल कोमट करून द्यायचे, की स्वतः लावायचे, हा निर्णय बाईंवर सोडावा, “लावू का?” असे विचारावे आणि “राहू द्या” असे उत्तर आले तर राहू द्यावे. येथे एक गोष्ट, जिच्याविषयी या भागात सहसा कोणी बोलत नाही, ती स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: पन्नाशी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांना प्रेमाचा हात नकोसा वाटतो तो त्या हातामुळे नव्हे, तर तो पुढे कोठे जाईल या अंदाजामुळे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या उपचारपद्धतीत म्हणूनच काही काळ समागमच वर्ज्य ठरवून, दोघांनी केवळ स्पर्शाकडे लक्ष द्यावे असे सुचवले. स्पर्शाला पुढचे स्थानक नाही हे दोघांना ठाऊक असले की स्नायू सैल पडतात. तेल लावताना कंबरेचे काम संपले की हात तेथेच थांबवून भांडे जागेवर ठेवणारा नवरा या पद्धतीचे नाव न ऐकताही ती पाळत असतो. हे सगळे ज्या घरात मारहाण वा धाक नाही त्या घरापुरते आहे. जेथे तसे आहे तेथे प्रश्न मिठीचा नसतो.

तिसऱ्या टप्प्यावर मिठीचा विचार करता येतो, आणि तीही निमित्ताला जोडूनच. बाहेरगावी जाणे हे उत्तम निमित्त आहे: हिंगोलीच्या बाजार समितीत हळद घेऊन जाताना किंवा परभणीला डोळे तपासायला निघताना माणसाला निरोप द्यावा लागतोच, त्यात मिठी बेमालूम बसते. स्थळ ओसरी नव्हे तर माजघर, कारण ओसरीवर शेजारी, दूधवाला आणि मतदार याद्यांचे काम करणारे कोणीही अवचित उगवतात, वेळ नातवंडे शाळेला गेल्यानंतरची, अन्यथा धाकटा नातू “आज्जी, आजोबानी तुला का धरलं?” असा प्रश्न संध्याकाळी पाहुण्यांपुढे मांडतो. शेजारी उभे राहून एका हाताने मारलेली मिठी चालते. गुडघ्यांवर भार पडत असेल तर बसूनही चालते.

मिठी किती वेळ असावी, यावर थोडे संशोधन उपलब्ध आहे. लंडनमधील एका अभ्यासात एक, पाच आणि दहा सेकंदांच्या मिठ्या लोकांना देऊन पाहिल्या असता एका सेकंदाची मिठी सर्वांत कमी आवडली, आणि हे समजण्यासारखे आहे, कारण एक सेकंदात मिठी होत नाही, धक्का लागतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जोडप्यांनी 10 मिनिटे हात धरून बसल्यानंतर 20 सेकंद मिठी मारली. मग त्यांना ताण देणारे भाषण करायला लावले असता त्यांचा रक्तदाब, एकटे विश्रांती घेतलेल्यांच्या तुलनेत, कमी वाढला. हा परिणाम तेवढ्या वेळेपुरता मोजलेला आहे. त्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करणे हा निष्कर्ष कोणी काढू नये. मिठी संपल्याची खूणही लक्षात ठेवावी: समोरच्याने पाठीवर दोन हलक्या थापा दिल्या की तो सभा बरखास्त झाल्याचा संकेत समजून हात सोडावेत.

20 सेकंद हा काळ कागदावर लहान आणि माजघरात फार मोठा असतो, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मारलेली मिठी बाईंना पाठीमागूनही कळते. गुरुजींनी यावर उपाय म्हणून मनातल्या मनात बेचा पाढा म्हणण्याचे ठरवले, कारण एका ओळीला दोन सेकंद धरले की दहा ओळींत हिशेब चोख बसतो. पहिल्या दिवशी, परभणीची गाडी धरण्यापूर्वी, त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंचे हात हळदीने पिवळे असल्याने त्यांनी ते सदऱ्याला लागू नयेत म्हणून हवेत धरले आणि मान तेवढी टेकवली. पस्तीस वर्षांच्या नोकरीची सवय अशी की पाढा मनात राहिला नाही. ओठ हलू लागले. बे चोक आठपर्यंत बाईंनी तो स्तोत्र समजून ऐकला. बे सख बाराला त्यांना संशय आला. पुढच्या ओळीला गुरुजी गडबडीने थांबले, तेव्हा कोपरे वर, बोटे पिवळी, अशा अवस्थेत बाईंनीच “चौदा” म्हणून ती पुरी केली, वीसपर्यंत मोजून दिले, आणि सुटका होताच म्हणाल्या, “बेचा लवकर संपतो. उद्या एकोणतीसचा म्हणा, तुम्हाला तो येत नाही.”