फराळ-विलंब सूचना: रचना, अर्थ आणि उपयोग

फराळ-विलंब सूचना म्हणजे घरगुती फराळ विकणाऱ्या बाईने घटस्थापनेच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलेला मजकूर. तो बहुधा केशरी रंगावर पिवळ्या अक्षरांत असतो आणि वरच्या कोपऱ्यांत पणत्या असतात. पणत्या सर्वांना दिसतात. मजकुराची पहिली ओळ ‘पार्सल पोहोचण्यास आठ ते दहा दिवस लागतील’ अशी असते, आणि त्याखाली येणारा पहिला प्रश्न ‘ताई, किती दिवस लागतील?’ असा असतो.

सूचनेचा कणा म्हणजे ऑर्डरची अंतिम तारीख. ती लक्ष्मीपूजनापासून उलटी मोजली जाते. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. डोंबिवलीहून बंगळुरूला ट्रकने जाणारे पार्सल एरवी तीन-चार दिवसांत पोहोचते. दिवाळीच्या तोंडावर जाणती विक्रेती त्याला नऊ-दहा दिवस धरते. म्हणजे खोके 11 तारखेला, शनिवारी, घराबाहेर पडले पाहिजे, कारण रविवारी उचलायला कोणी येत नाही. त्याआधी एक दिवस बांधाबांधीला आणि तीन दिवस तळणीला. अशा रीतीने अंतिम तारीख कोजागरीवर, म्हणजे 6 तारखेवर येऊन ठेपते. ग्राहकाचे गणित मात्र वसुबारसेपासून सुलटे चालते, आणि ती त्या वर्षी 17 तारखेला होती.

मग फराळ गणपतीतच तळून का ठेवत नाहीत, असा प्रश्न दरवर्षी एक तरी इंजिनीअर विचारतो. तळलेल्या पदार्थाचे तेल हवेने खवट होते आणि चकली दमटपणाने मऊ पडते. नीट बंद केलेल्या पिशवीत चकली पंधरा-वीस दिवस टिकते, आणि त्यांतले दहा तिने ट्रकमध्ये घालवायचे असतात. ओल्या नारळाच्या करंजीला तेवढेही आयुष्य नसते, म्हणून पार्सलच्या यादीत सुक्या खोबऱ्याचीच करंजी असते. ओल्या नारळाचा आग्रह धरणाऱ्याने डोंबिवलीत राहायला यावे, हे सूचनेत लिहिलेले नसते, पण अभिप्रेत असते. अनारशाचे तर तांदूळच तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावे लागते. मग ते निथळून, सावलीत सुकवून, किंचित दमट असतानाच दळायचे आणि गूळ घालून पीठ मुरायला ठेवायचे. ‘अर्जंट अनारसे’ ही ऑर्डर त्यामुळे घेता येत नाही. जास्त पैसे दिल्याने तांदूळ लवकर भिजत नाहीत.

सूचनेतील ‘कुरिअरच्या अडचणींमुळे’ या शब्दसमूहात बरेच काही कोंबलेले असते आणि त्यातली मोठी अडचण चिवडा ही असते. कुरिअर कंपन्या पार्सलचे वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचे. दुसरे आकारमानाचे: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा 5000 ने भागायचे. दोन्हींतले जे जास्त, त्याचे भाडे. एक किलो चिवडा आणि अर्धा-अर्धा किलो चकली, बेसनलाडू व करंजी असा अडीच किलोंचा ऐवज 35, 30 आणि 25 सेंटिमीटरच्या खोक्यात बसवला, तर हिशेब सव्वापाच किलोंचा होतो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने भाडे लागत असेल तर साडेपाच किलोंचे पैसे भरायचे. वरचा सगळा भार पोह्यांमधल्या हवेचा. चिवडा दाबून भरला की भाडे उतरते आणि बंगळुरूला भुगा पोहोचतो. खोके लहान घेतले की चकल्यांचे तुकडे पडतात. विक्रेतीने भाबडेपणाने अडीच किलो लिहून पाठवले आणि भिवंडीच्या गोदामातल्या यंत्राने खोके मोजले, की फरकाची रक्कम मिटेपर्यंत पार्सल तिथेच अडकू शकते. या काळात ग्राहकाला ते ‘वाटेत’ दिसते.

मोबाइलवर दिसणाऱ्या स्थितीबद्दल सूचनेने खरे तर स्वतंत्र परिच्छेद द्यायला हवा. तो सहसा नसतो. ‘शिपमेंट तयार’ याचा अर्थ खोक्यावर चिकटवायचा कागद छापला गेला, एवढाच. त्या क्षणी लाडू वळायचे बाकी असू शकतात. पार्सल खरोखर निघाल्याची खूण म्हणजे उचलल्याची नोंद, आणि त्यानंतर वेगळ्या गावाच्या नावाची नोंद. एकाच गोदामाचे नाव तीन दिवस हलले नाही, तर पार्सल पिशवीत तळाशी आहे किंवा वजनाच्या वादात आहे, असे समजावे आणि विक्रेतीला विचारावे. एका दिवसात चार वेळा विचारल्याने नोंद बदलत नाही; विक्रेती झाऱ्या खाली ठेवून फोन उचलते आणि तेवढ्या वेळात एक घाणा करपतो. ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ ही नोंद ग्राहक दिवसभर दारात उभा असतानाही उमटते. धनत्रयोदशीनंतर ऑफिसचा पत्ता दिलेल्यांच्या बाबतीत मात्र ती खरी असते.

परदेशी फराळासाठी सूचनेत वेगळी ओळ असते आणि ती दरवर्षी लांबत जाते. 2025 ने तिला कळस चढवला. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी 29 ऑगस्टपासून बंद केली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले, आणि पुढे काही दिवसांत जवळपास सगळेच टपाल थांबले. सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. न्यू जर्सीतल्या मुलासाठी टपालाच्या भरवशावर राहिलेल्या आईला त्या वर्षी चकलीबरोबर आयातशुल्क हा शब्दही शिकावा लागला. खासगी कुरिअर चालू होते. त्यांचे भाडे ऐकून कित्येकांनी मुलाला बेसनलाडूची कृतीच पाठवली.

अंतिम तारखेचा शेवटही नोंदवण्याजोगा आहे. कोजागरीनंतर ‘ग्राहकांच्या आग्रहास्तव’ ती दोन दिवस वाढते, मग ‘फक्त जुन्या ग्राहकांसाठी’ आणखी दोन. या चार दिवसांत घेतलेल्या ऑर्डरी वेळेवर घेतलेल्यांच्याच कढईत, त्याच गॅसवर आणि उचलायला येणाऱ्या त्याच एका मुलाच्या दुचाकीवर चढतात. त्यामुळे कोजागरीआधी पैसे भरलेल्या ग्राहकालाही उशीर होतो. उशिराच्या कारणांपैकी हे एकच पूर्णपणे विक्रेतीच्या हातात असते, आणि सूचनेत तेवढेच लिहिलेले नसते.

पार्सल आल्यावर काय करावे, हे शेवटच्या ओळींत बारीक अक्षरांत दिलेले असते. खोके फोडतानाचे चित्रण करावे. फुटलेल्या मालाची भरपाई त्याशिवाय मिळत नाही. चार चकल्या मोडल्या तर ती फूट धरली जात नाही. मऊ पडलेली चकली मंद ओव्हनमध्ये काही मिनिटे ठेवून गार केली की बहुधा पुन्हा कुरकुरीत होते. खवट वास येत असेल तर कोणताही ओव्हन उपयोगाचा नाही. तो डबा बाजूला ठेवून विक्रेतीला कळवावे. आणि भाऊबीज उलटूनही खोके आलेच नाही, तर सूचनेच्या तळाशी असलेले वाक्य लागू होते: दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते.