वायफाय आहे, नेट नाही

घरातल्या सगळ्या फोनांवर नेट चालते आणि एकाच फोनवर चालत नाही, तेव्हा तपास आधी फोनचा होत नाही, फोनवाल्याचा होतो. त्यातून तो फोन वडिलांचा असेल तर निकाल ठरलेलाच असतो : ‘बाबा, तुम्ही काहीतरी दाबलं असणार.’ बाबांनी काहीही दाबलेले नसते, पण तसे पुरावे देणे अवघड असते.

या बिघाडात वायफायच्या पंख्यावर उद्गारचिन्ह येते आणि खाली ‘Connected, no internet’ अशी ओळ दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ‘Connected’ म्हणजे नाव जुळले, पासवर्ड जुळला आणि राउटरने फोनला आत घेतले, एवढेच. नेट आहे की नाही, हे अँड्रॉइड फोन वेगळे तपासतो. तो गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर, बहुधा `connectivitycheck.gstatic.com/generate_204` वर, विचारणा करतो आणि 204 या क्रमांकाचे रिकामे उत्तर मिळण्याची वाट पाहतो. उत्तर आले नाही की उद्गारचिन्ह लागते. हा निष्कर्ष सहसा बरोबर असतो. कारण मात्र फोन सांगत नाही.

एका घरातले उदाहरण घेऊ. जुना राउटर बंद पडला, माणूस नवा बसवून गेला. ‘नाव तेच ठेवा आणि पासवर्डही तोच,’ असे बाबांनी बजावले होते, कारण टीव्हीच्या रिमोटने पुन्हा पासवर्ड टाकण्याची त्यांची तयारी नव्हती. टीव्ही, लॅपटॉप, सुनेचा फोन, सगळे आपोआप जोडले गेले. बाबांचा फोनही जोडला गेला, पण नेट नाही. राउटर बंद-चालू झाला, फोन बंद-चालू झाला, सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांवर फोन भरल्याचा आळही घेऊन झाला. फरक शून्य.

पहिली उपयोगी पायरी म्हणजे वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करणे. त्यावर नेट चालले, म्हणजे चुकलेली तारीख किंवा ‘Private DNS’ मध्ये भरलेला बंद पडलेला पत्ता यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला. त्यांचा त्रास सहसा मोबाइल डेटावरही होतो. दुसरी पायरी : सुनेच्या फोनचा हॉटस्पॉट. तोही चालला. म्हणजे बाबांच्या फोनचे वायफाय ठीक, आणि बाकीच्यांचे चालते म्हणजे घरातले नेटही ठीक. भांडण फक्त या फोनचे आणि या एका नेटवर्कचे.

आता दोन फोन शेजारी ठेवून दोघांतही त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन तपशील उघडायचा. सुनेच्या फोनवर आयपी पत्ता 192.168.1.7 आणि गेटवे 192.168.1.1. बाबांच्या फोनवर पत्ता 192.168.0.50 आणि गेटवे 192.168.0.1. तिसरा आकडा वेगळा, आणि सगळी गोम तिथेच. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.0.1 होता, नव्याचा 192.168.1.1 आहे. बाबांचा फोन वाडा सोडून गेलेल्या मालकाला रोज दारात उभा राहून हाका मारत होता.

बाकीच्यांना हे का झाले नाही? ते पत्ता राउटरकडे मागतात. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. राउटर बदलला की नवा पत्ता मिळतो. बाबांच्या फोनमध्ये मात्र ‘IP settings’ समोर ‘Static’ होते. ही एका भाच्याची कामगिरी. नेट वेगवान करतो म्हणून त्याने डीएनएसच्या जागी 8.8.8.8 भरले होते, आणि अँड्रॉइडमध्ये एखाद्या वायफायचा डीएनएस हाताने भरायचा तर आधी ‘Static’ निवडावे लागते. त्याबरोबर पत्ता आणि गेटवेही गोठले. जुना राउटर होता तोवर काहीच बिघडले नाही, म्हणून भाच्याचे कौतुकही झाले होते.

उपाय छोटा आहे : ‘Static’ चे ‘DHCP’ करून जतन करायचे. किंवा ‘Forget’ दाबून पासवर्ड पुन्हा टाकायचा. ही सेटिंग त्या नेटवर्कच्या नोंदीबरोबर साठवलेली असते, म्हणून नोंद पुसली की तीही जाते. राउटरला नवे नाव दिले असते तरी फोनने कोरी नोंद केली असती आणि हा प्रसंग टळला असता.

दोन्ही फोनांचे पत्ते एकाच रांगेतले निघाले, तर मात्र तपास पुढे न्यावा लागतो. त्या फोनच्या ब्राउझरमध्ये `http://192.168.1.1` उघडायचे. राउटरचे पान दिसले, तर फोन राउटरपर्यंत पोहोचतो आहे. अडवणूक त्याच्या पुढे आहे. मग राउटरमधली अडवलेल्या उपकरणांची यादी आणि मुलांसाठी लावलेले वेळेचे बंधन पाहायचे. तिथे बाबांचा फोन सापडला, तर दाबणारा कोण, हा प्रश्न घरात नव्याने विचारता येतो.