हे त्यांचं नव्हे!

गिऱ्हाईक पैसे काढून उभं असतं आणि दुकानदार माल परत घडी घालत असतो, असं दृश्य पाहिलं की समजावं, आपण अण्णांच्या दुकानात आहोत. लक्ष्मी रस्त्याच्या गल्लीतलं हे साड्यांचं दुकान. साडी आवडली म्हणताच अण्णा ती ओढून घेतात, ‘हे त्यांचं नव्हे’ म्हणतात आणि जिच्यासाठी साडी न्यायची तिची चौकशी करत बसतात. लग्न ठरवणारा मध्यस्थही मुलीची इतकी माहिती काढत नाही.

त्या दिवशी एक आजोबा आले. लग्नाला बावन्न वर्षं झालेली. नातीने सांगितलं म्हणून पैठणी हवी होती.

"काकूंना गुडघ्यांचा त्रास?"

"आहे."

"मग एवढी जड जर कशाला? हे त्यांचं नव्हे. उंची?"

आजोबांनी खांद्याला हात लावला. मग जरा खाली आणला. "हल्ली इथवर."

"आवडता रंग?"

आजोबा छताकडे बघू लागले. अण्णांनी कांजीवरम काढली, आजोबा "छान" म्हणाले, अण्णांनी घातली घडी. नारायणपेठही गेली. मी फॉल घ्यायला आलो होतो. मलाही ‘हे तुमचं नव्हे’ ऐकायला मिळणार, अशी धास्ती वाटू लागली.

"घरात गोधडी आहे?" अण्णांनी एकदम विचारलं. "तिला वरून कुठलं लुगडं लावलंय?"

आता मात्र आजोबा धडाधडा बोलू लागले. निळं आहे, बारीक चौकड्यांचं. काठ लाल, झोपेत बोटांना लागतो. पदर लाल, त्यावर पांढरे पट्टे. विरलं तरी तिने बोहारणीला दिलं नाही.

"इरकल," अण्णा म्हणाले. बायका गोधडीला वरून जीव असलेलं लुगडंच लावतात, असा त्यांचा सिद्धांत आहे.

त्यांनी तशीच निळी इरकल काढली. पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या इरकलीत सुती अंगाचे आणि रेशमी पदराचे ताणे एकमेकांत अडकवून जोडतात, आणि जोडाची रेघ मागून बोटाला लागते. अखंड गुळगुळीत लागलं तर माल यंत्रमागाचा. आजोबांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि मान हलवली. या खेपेला अण्णांनी घडी घातली ती पिशवीत ठेवण्यासाठी.

"पहिल्या धुण्याला मिठाचं पाणी, आणि वेगळी भिजवा. कोण धुतं?"

"तीच."

"आता तुम्ही धुवा."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी अण्णांकडून कागद मागून घेतला आणि ‘मीठ, वेगळी’ असं लिहून खिशात ठेवलं.

पैठणीत जेवढं सुटलं असतं, त्याच्या पासंगाइतकंही अण्णांना यात सुटलं नसेल. असा माणूस धंदा वाढवू शकत नाही, आणि त्याच्या मुलाचं मत तर याहून कडक आहे. तुम्हाला बायकोसाठी साडी घ्यायची असेल तर जरूर जा. पण दुपार मोकळी ठेवा आणि निघण्यापूर्वी घरातली गोधडी नीट बघून घ्या.