शेकोटीभोवतीचे इलेक्ट्रॉन

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला असतो आणि त्यावर दोन तिरपे बाण असतात. एक खाली डावीकडे जातो: इकडे अणू मोठे. दुसरा वर उजवीकडे: इकडे विद्युतऋणता जास्त, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची हाव दांडगी. बाण इतके ठाम असतात की पोरे ते मुकाट्याने पाठ करतात.

खरे तर पहिल्याच बाणापाशी अडायला हवे. दुसऱ्या आवर्तात लिथियमकडे 3 इलेक्ट्रॉन, फ्लोरिनकडे 9. तरी लिथियमची त्रिज्या 152 पिकोमीटर आणि फ्लोरिनची जेमतेम 64. इलेक्ट्रॉन तिप्पट, अणू निम्म्याहूनही लहान!

थंडीतली शेकोटी आठवा. पुढच्या रांगेतली माणसे मागच्यांची ऊब अडवतात. शेजारी बसलेला मात्र फारसे काही अडवत नाही. फ्लोरिनमध्ये आतल्या रांगेत दोनच इलेक्ट्रॉन, लिथियममध्येही दोनच. पण मधल्या विस्तवात, म्हणजे केंद्रकात, प्रोटॉन 3 वरून 9 झालेले. नवे सहा जण बाहेरच्या एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून बसलेले, त्यांचा आडोसा अर्धवटच. लिथियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जेमतेम सव्वा प्रोटॉनाची ओढ जाणवते, फ्लोरिनच्या इलेक्ट्रॉनला पाचांहून जास्त. मग रांग आत सरकणारच. आणि जो स्वतःच्या इलेक्ट्रॉनना एवढा जवळ ओढतो, तो दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनवरही डोळा ठेवणार. पाउलिंगच्या मापात लिथियमची विद्युतऋणता 0.98, फ्लोरिनची 3.98.

गणात खाली उतरताना उलटे. सोडियमकडे 11 प्रोटॉन असले, तरी शेवटचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या रांगेत आणि पुढे दहा जण. ऊब पोचता पोचता विरते. त्रिज्या 186, विद्युतऋणता 0.93.

इथवर बाण खरे बोलतात. तेराव्या गणात मात्र त्यांचा सूर बिघडतो. अ‍ॅल्युमिनियमखाली गॅलियम, एक रांग वाढलेली. तेव्हा अणू मोठा हवा. पण धातुरूपातली त्रिज्या पाहावी तर अ‍ॅल्युमिनियमची 143 आणि गॅलियमची 135! विद्युतऋणताही 1.61 वरून उतरण्याऐवजी चढून 1.81.

मधल्या काळात काय झाले? स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये वाटेत आली, म्हणून दहा प्रोटॉन जादा आले. त्यांच्याबरोबर आलेले दहा इलेक्ट्रॉन आतल्या डी उपकवचात बसले, पण ते भलतेच विरळ पसरतात. पुढे बसूनही मागच्याची ऊब नीट अडवत नाहीत. मग बाहेरचे तिघे आत खेचले जातात. बोरॉन ते अ‍ॅल्युमिनियम या टप्प्यात डी मंडळी नव्हती, तिथे बाण बिनचूक होता.

चित्रकाराने हा बाण अ‍ॅल्युमिनियमपाशी क्षणभर थांबवला असता तर बरे झाले असते. पण तिरपी रेघ एका दमात मारण्याचे सुख कोण सोडतो?